मुळं तांबूस, टोकं काळी

सलूनमधून निघताना केस चांगलेच दिसत होते. आरशाभोवती पिवळे दिवे, ड्रायरने सरळ केलेले केस, वरून हातावर चोळून लावलेलं चकचकीत सीरम. सगळं डोकं एकसारखं तपकिरी वाटलं. मी बिल भरलं, काम करणाऱ्या मुलीच्या हातावर पन्नासाची नोट ठेवली आणि खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या वहिनींनी तिथूनच विचारलं, "मेंदी लावलीत का हो? आणि अर्धीच का लावली?"

हातआरसा घेऊन उन्हात उभी राहिले. भांगाच्या दोन्ही बाजूंना साधारण दोन सेंटिमीटरचा पट्टा नारळाच्या शेंडीच्या रंगाचा झाला होता. त्याखाली चार बोटं बऱ्यापैकी तपकिरी, म्हणजे मी मागितला होता तोच रंग. आणि कानाच्या वरच्या टोकापासून खाली खांद्यापर्यंत काळाभोर. तपकिरी जिथे संपत होता तिथे स्पष्ट रेघ दिसत होती. कानशिलांवरचे पांढरे केस धड पांढरे राहिले नव्हते, धड तपकिरी झाले नव्हते, नुसते पिवळट. उजव्या कानामागचे केस उचलून पाहिले तर तिथे रुपयाएवढी जागा कोरीच सुटलेली. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, आणि मी वराची नाही तरी वधूची मावशी. फोटोंत मागे कुठेतरी उभं राहून भागणार नव्हतं.

सांगलीला माझी मावसबहीण आहे, आम्ही सगळे तिला ताईच म्हणतो. तिचं तिथे पंचवीस-तीस वर्षं पार्लर आहे. तिला फोटो पाठवले आणि फोन केला. मला वाटलं होतं ती हळहळेल. तिने वकिलासारखे प्रश्नच विचारायला सुरुवात केली. रंग एकाच वाटीत कालवला होता की दोन? आधी कुठे लावला, मुळांना की टोकांना? डेव्हलपरची बाटली कितीची होती? आणि तू त्यांना पाकिटातल्या काळ्या डायचं सांगितलं होतंस का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं. मी वर्षानुवर्षं घरीच काळा डाय लावत असे, तोही नुसता मुळांना नाही, दर वेळी उरलेला रंग टोकांपर्यंत ओढून. साधारण आठ महिन्यांपूर्वी तो सोडला, कारण या वयात काळाकुळकुळीत रंग चेहऱ्याला फार उग्र दिसायला लागला होता. सलूनमध्ये गेल्यावर त्यांनी एक फॉर्म दिला, त्यात 'यापूर्वी लावलेले रंग' असा रकाना होता, त्यात मी हे सगळं लिहिलं होतं. बाकीचंही आठवत होतं. एकच वाटी, भांगापासून सुरुवात, मग ब्रशने खाली ओढत टोकापर्यंत. बाटलीवर ३० लिहिलेलं मी पाहिलं होतं.

"मग दुसरं काही होणारच नव्हतं," ताई म्हणाली, आणि तिने मला माझ्याच डोक्याचा नकाशा समजावून दिला.

शेड कार्डावरचा आकडा असतो तो गडदपणाचा. १ म्हणजे काळा, १० म्हणजे सगळ्यांत फिका. आपल्याकडचे न रंगवलेले केस बहुतेक २ किंवा ३ च्या आसपास असतात. त्या मुलीने मला ६ लावला होता. ३ वरून ६ कडे जायचं तर केसातला मूळचा रंग आधी थोडा उतरवावा लागतो, आणि ते काम डेव्हलपरमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. १० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९. आकडा जितका मोठा, तितका रंग जास्त उतरतो. काळा केस उतरताना आधी लालसर होतो, मग नारिंगी, मग पिवळा. ही पायरी चुकवता येत नाही, तिच्यावर फक्त दुसरा रंग चढवून ती झाकता येते. टाळूला लागून असलेल्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर केसांना अंगाची ऊब मिळते, म्हणून तिथे हे सगळं भरभर घडतं. म्हणून जाणकार हात कोऱ्या केसांना फिका रंग लावताना आधी मधल्या भागाला लावतो, थोडं थांबतो आणि मुळांना सगळ्यांत शेवटी, बऱ्याचदा कमी ताकदीच्या डेव्हलपरने. माझ्या मुळांना सगळ्यांत आधी लागला, ३० च्या ताकदीने, वर उबेची भर. पार्लरवाले याला 'हॉट रूट' म्हणतात.

मधली चार बोटं आठ महिन्यांत वाढलेली, कोरी. तिथे रंग जसा हवा तसा आला. केस महिन्याला सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे हा हिशेब पट्टी लावून पडताळता येत होता: दोन आणि आठ, दहा सेंटिमीटर. त्याच्या खाली जुना काळा डाय. "रंगाने रंग उतरत नाही," ताई म्हणाली. "नुसता फिका रंग वर चोपडून आधीचा काळा कधीच जात नाही. ते शिकाऊ मुलीलाही पहिल्या महिन्यात सांगतात." आणि पांढरे केस? त्यांच्यात मुळात रंगच नसतो, म्हणून नुसती फॅशनची शेड तिथे पातळ, काचेसारखी बसते. त्यात 'नॅचरल' म्हणजे शून्याची शेड मिसळावी लागते आणि पूर्ण वेळ ठेवावी लागते. शिवाय शेड कार्डावरचे झुपके हे पांढऱ्या नकली धाग्यांवर रंगवलेले असतात, त्यांच्याकडे बोट दाखवून "हा द्या" म्हणण्याला फारसा अर्थ नसतो, हेही त्या दिवशी कळलं.

मग तिने दोन गोष्टी बजावल्या. एक, आता त्याच्यावर काहीही लावायचं नाही. मेंदी नाही, आणि झाकण्यासाठी काळा तर मुळीच नाही. आणखी एक काळा थर बसला की मग सुधारणाऱ्याचेही हात बांधले जातात. बाजारातल्या काही मेंद्यांमध्ये धातूंचे क्षार असतात, त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं तर केस गरम होऊन तुटू शकतात. दुसरी गोष्ट, भांडायला जाऊ नकोस, पत्र लिही. "काउंटरवर जाऊन बोललीस की ती पोरगी रडेल, मालकीण तुला गोड बोलून एक हेअर स्पा फुकट देईल आणि केस तसेच राहतील. लिहून दिलंस तर ते कागद घेऊन तुझ्या डोक्यामागे उभं राहावं लागेल त्यांना."

पत्र लिहायचं म्हटल्यावर अहो पुढे सरसावले. वीज मंडळात तीस वर्षं टिपणं लिहिलेला माणूस. संध्याकाळपर्यंत त्यांचा मसुदा तयार होता: 'सदर ग्राहकास', 'उपरोक्त सेवेतील गंभीर त्रुटी', 'मनस्ताप', आणि शेवटी 'अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागण्यात येईल'. मी वाचून म्हटलं, "अहो, यात केस कुठे आहेत?" खरोखरच एका पानात केस हा शब्द एकदाच आला होता, तोही 'केसांची झालेली हानी' असा. हे वाचून त्या बाईला काय सुधारायचं ते कळणार कसं?

कायदा आपल्या बाजूचा आहे, यात शंका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी हा दावा करण्याचा आधार आहे, सलूनही त्यात येतं, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. अहोंनी मला दिल्लीतल्या त्या प्रसिद्ध खटल्याची आठवण करून दिली: २०१८ मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये केस चुकीचे कापले गेले म्हणून राष्ट्रीय आयोगाने २०२१ मध्ये त्या बाईंना दोन कोटी रुपये द्यायला सांगितले होते. मी त्यांना त्याचा पुढचा भाग सांगितला. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम बाजूला ठेवली, नुकसान इतकं झालं याचा पुरावा कुठे आहे, असं विचारलं आणि प्रकरण परत आयोगाकडे पाठवलं. कापण्यापासून तिथवर पाच वर्षं. मला महिन्याभरात लग्नाला जायचं होतं. आणि पहिल्याच पत्रात आयोगाचं नाव काढलं की समोरचं माणूस वकिलाला विचारल्याशिवाय तोंड उघडत नाही, 'आमच्याकडून चुकलं' असं तर कधीच म्हणत नाही. धमकी ठेवायची असेल तर ती दुसऱ्या पत्रासाठी ठेवावी.

तेव्हा मी स्वतःच बसले. आधी केस धुऊन, तेल न लावता, पूर्ण वाळवले, कारण ओला किंवा तेलकट केस गडद दिसतो. खिडकीपाशी, फ्लॅश न लावता, लेकीकडून फोटो काढून घेतले: भांग, दोन्ही कानशिलं, मागची बाजू, आणि कानामागची ती कोरी जागा. एका फोटोत भांगाशी शाळेची पट्टी धरली. मग लिहिलं ते असं:

माननीय मॅडम,

स. न. वि. वि.

गेल्या शनिवारी दुपारी मी आपल्याकडे संपूर्ण केसांना रंग लावून घेतला. बिलाची प्रत सोबत आहे. काम करणारी मुलगी अदबीने वागली. डोक्याला आग किंवा खाज असा काही त्रास झाला नाही. रंग मात्र सगळीकडे सारखा आलेला नाही. तो आपल्या देखरेखीखाली सुधारून मिळावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या केसांची माहिती मी त्या दिवशी फॉर्मवर लिहिली होती, ती पुन्हा देते. अनेक वर्षं मी घरी पाकिटातला काळा डाय मुळांपासून टोकांपर्यंत लावत होते. आठ महिन्यांपूर्वी तो बंद केला. त्यामुळे टाळूपासून सुमारे दहा सेंटिमीटर केस कोरे होते आणि त्याखालचे काळे रंगवलेले. मेंदी लावलेली नाही. केस सरळ करण्याची कोणतीही प्रक्रिया केलेली नाही. कानशिलांवर आणि कपाळावरच्या रेषेत पांढरे केस जास्त आहेत. मी मागितला होता तो मध्यम तपकिरी रंग, उन्हात तांबूस न दिसणारा. त्या मुलीने एकाच वाटीत, ६ क्रमांकाची शेड आणि ३० व्हॉल्यूम डेव्हलपर घेऊन, मुळांपासून सुरू करून टोकांपर्यंत लावला. हे मी समोर पाहिलं तसं लिहीत आहे. आपल्याकडच्या नोंदीत वेगळं असल्यास ती नोंद ग्राह्य धरावी.

आज दिवसाच्या उजेडात केस असे दिसतात. टाळूलगतचे दोन सेंटिमीटर नारिंगी-तांबूस झाले आहेत. त्याखालचे सुमारे आठ सेंटिमीटर मागितलेल्या रंगाचे आहेत आणि मला पसंत आहेत. त्याखालचे केस काळेच राहिले आहेत आणि दोन रंगांच्या मध्ये सरळ रेघ दिसते. कानशिलांवरच्या पांढऱ्या केसांवर रंग पुरेसा बसलेला नाही. उजव्या कानामागे, कानापासून तीन बोटं वर, एका जागी रंग लागलेलाच नाही. पाच फोटो आपल्या नंबरवर आजच पाठवत आहे. ते धुतलेल्या, कोरड्या, तेल न लावलेल्या केसांचे आहेत.

यातला खालचा काळा रंग माझा आहे, आपल्या कामाचा नाही. तो एका बैठकीत उतरणार नाही, हे रंग लावण्याआधी मला सांगायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं आहे. तसं कळलं असतं तर मी वेगळा निर्णय घेतला असता. त्या भागासाठी वेगळं काम करावं लागल्यास त्याचे पैसे मी देईन. मुळांजवळचा पट्टा, कानशिलं आणि कानामागची सुटलेली जागा हे मात्र त्या दिवशीच्या कामातलंच आहे. ते विनामूल्य दुरुस्त करून द्यावं, अशी विनंती आहे. पैसे परत मागण्याचा माझा विचार नाही.

दुरुस्ती कशी करायची ते आपण माझ्यापेक्षा नक्कीच जास्त जाणता. माझी विनंती इतकीच, की हे काम आपण स्वतः किंवा आपल्याकडच्या सगळ्यांत अनुभवी व्यक्तीने करावं. सगळ्या डोक्याला ब्लीच न लावता शक्य झाल्यास वरचा भाग गडद करून जुळवावा. खालच्या काळ्या भागावर काहीही करण्याआधी मागच्या एका बटेवर चाचणी घ्यावी. वापरलेल्या शेड आणि वेळ मला लिहून द्याव्यात. रंगाची कंपनी बदलणार असल्यास कृपया दोन दिवस आधी कानामागे पॅच टेस्ट करावी.

महिनाअखेरीस घरात लग्न आहे. त्याआधी एखाद्या दिवशी सकाळी, आपल्याकडे गर्दी नसेल तेव्हा, मी येऊ शकते. बुधवारपर्यंत फोनवर वेळ कळवल्यास बरं होईल. तोवर मी केसांवर काहीही लावणार नाही.

आणखी एक. या दुरुस्तीचा खर्च त्या मुलीच्या पगारातून कापला जाऊ नये, अशी मनापासून इच्छा आहे.

कळावे,
आपली विश्वासू

खाली सही, पत्ता, फोन नंबर. अहोंना 'खालचा काळा रंग माझा आहे' हे वाक्य अजिबात पटलं नाही. आपणहून कबुली कशाला द्यायची, असं त्यांचं म्हणणं. पण ते वाक्य नसतं तर मालकिणीला सगळ्यांत सोपं उत्तर तेच होतं: 'बाई, तुम्ही घरी काळा लावता, त्याला आम्ही काय करणार?' आणि मग मुळांचा, कानशिलांचा विषयही त्या काळ्याखालीच गेला असता. कुठला केस कोणाच्या खात्यावर, हे आधीच वाटून दिलं की वाद घालायला जागाच उरत नाही. पगाराचं वाक्य मात्र ताईने सांगून लिहायला लावलं होतं. तिच्या धंद्यात काही ठिकाणी अशी कापाकापी चालते, ते तिला ठाऊक आहे.

पत्र मी स्वतः नेऊन काउंटरवर दिलं आणि आणखी एका प्रतीवर तारीख-सही घेतली. ही सवय अहोंची, आणि ती चांगली आहे. मालकीण त्या वेळी नव्हती. संध्याकाळी तिचा फोन आला.

"काकू, पत्र वाचलं. फोटोही पाहिले. हे मी तिथे असते तर झालं नसतं." मग थोडं थांबून, "आमच्या कार्डावर तिने नुसतं सहा आणि तीस लिहिलंय. तुमचा फॉर्म तिने वाचलाच नव्हता."

मी काही बोलले नाही. तिनेच मंगळवारी सकाळची वेळ दिली. आधी तिचं म्हणणं होतं की सगळ्या केसांना कलर रिमूव्हर लावून काळा काढू आणि मग एकच रंग देऊ, म्हणजे झटक्यात काम होईल. मी म्हटलं, चालेल, पण आधी बटेवर बघू या. पत्रात लिहिलेलं असल्यामुळे हे म्हणणं हट्टाचं वाटलं नाही.

त्या बटेनेच सगळं ठरवलं. मानेजवळची पातळ बट घेऊन तिने रिमूव्हर लावला, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून वीसेक मिनिटं ठेवला आणि धुतला. काळ्याचा विटकरी झाला. मला आनंद झाला, तिला झाला नाही. ती म्हणाली, थांबा, आता वाळू दे. हा रिमूव्हर काळ्या रंगाचे कण तोडतो, पण ते केसातून पूर्ण धुऊन गेले नाहीत तर हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा जुळतात. चहा झाला, गप्पा झाल्या आणि विटकरी बट परत काळपट दिसायला लागली. वर्षानुवर्षांचे थर एकावर एक बसलेले. एकदा काढून भागणार नव्हतं, आणि पुन्हा पुन्हा काढलं तर टोकं झाडूसारखी होणार, हे तिने स्वच्छ सांगितलं. मालकिणीबद्दल माझं मत तिथे बदललं. खोटी आशा दाखवून पैसे काढणं त्या क्षणी फार सोपं होतं.

मग वरचाच भाग खाली आणायचं ठरलं. या वेळी दोन वाट्या. पहिल्या वाटीत ५.० आणि २० व्हॉल्यूम. हा कानशिलांना, कपाळाच्या रेषेला आणि कानामागच्या कोऱ्या जागेला, सगळ्यांत आधी, कारण पांढऱ्या केसांना सगळ्यांत जास्त वेळ लागतो. पातळ पातळ थर उचलून, पांढरा केस ब्रशखाली नीट भिजतो की नाही हे बघत बघत. दुसऱ्या वाटीत ५.० चे दोन भाग, ५.१ चा एक भाग आणि फक्त १० व्हॉल्यूम. बिंदूनंतरचा १ बहुतेक कंपन्यांच्या रंगात अ‍ॅश म्हणजे निळसर-राखाडी छटा दाखवतो, आणि निळा नारिंगीला मारतो. १० व्हॉल्यूम एवढ्यासाठी, की तिथे आता काही उतरवायचं नव्हतं, नुसतं बसवायचं होतं. ऊब लागून पुन्हा उजळण्याची भीती नको. हा फक्त त्या दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यावर. मधल्या चांगल्या आठ सेंटिमीटरला तिने शेवटपर्यंत हात लावला नाही. अगदी धुण्याआधी थोडं पाणी घालून कंगव्याने रंग तिथपर्यंत ओढला, जोड दिसू नये म्हणून. पहिली वाटी लावल्यापासून पस्तीस मिनिटं, मग एका पांढऱ्या केसावरचा रंग ओल्या कापसाने पुसून बघितला, तो पुसून निघाला नाही, तेव्हा धुतलं.

उरली ती रेघ. काळ्याच्या वरच्या भागात तिने अगदी बारीक बटा फॉइलमध्ये घेतल्या, वर दाट आणि खाली जात विरळ, म्हणजे डोळ्याला सीमा एका जागी सापडू नये. त्या बटा ब्लीचने नारिंगीपर्यंतच गेल्या, त्यापुढे तिने ओढल्या नाहीत. वर निळसर टोनर दिला, तेव्हा त्या मधल्या तपकिरीच्या जवळ आल्या. टोकांची तीन बोटं कापली. रेघ गेली असं म्हणणार नाही. केस घट्ट मागे ओढले तर अजून दिसते. मोकळे सोडले किंवा सैल अंबाडा घातला तर कळत नाही, आणि लग्नात मी अंबाडाच घालणार होते. त्यावर गजरा असतोच.

या वेळी निघताना तिने मला दारात, रस्त्याच्या उजेडात उभं केलं आणि स्वतः भांग पाडून बघितला. पिवळ्या दिव्यांचा उपाय इतका सोपा आहे. फॉइलचे पैसे मी दिले, ठरलं होतं तसे. मुळांचं काही घेतलं नाही. बिलाच्या मागे तिने दोन्ही वाट्यांचं प्रमाण, व्हॉल्यूम आणि वेळ लिहून दिली. तिथेच एक गोष्ट सांगितली जी ताईनेही सांगितली होती: अ‍ॅश छटा सगळ्यांत आधी धुऊन जाते, खाली उतरलेला नारिंगी मात्र तिथेच असतो, म्हणून पाच-सहा आठवड्यांनी तांबूस पुन्हा डोकावेल, घाबरू नका. कडक शांपू आणि कढत पाणी टाळलं तर थोडं उशिरा डोकावेल. तो लग्नानंतर डोकावलाच. एका छोट्या टोनरवर भागलं.

पगारातून कापलं की नाही, हे मी विचारलं नाही, विचारायचं कोणाला? पुढच्या महिन्यात मुळांना रंग लावायला गेले तेव्हा तीच मुलगी होती. तिने आधी कार्ड काढलं, त्याला माझं पत्र टाचलेलं होतं. मग तिने वाटी घेतली आणि फक्त नव्या वाढलेल्या सेंटिमीटरभराला रंग लावला, खाली ओढला नाही. काळा अजून आहे. तो कात्रीनेच जाईल. दर दोन महिन्यांनी दोन बोटं, असा हिशेब मालकिणीने मांडून दिला आहे, आणि त्याप्रमाणे पुढच्या दिवाळीपर्यंत तो संपायला हवा.